सातवीच्या भिंतीवरचा मसुदा परत लावा : शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापिकाबाई,

स. न. वि. वि.

आपल्याच शाळेत मी २६ वर्षं सामाजिक विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस सातवीला येते. घर दांडिया बाजारात, शाळा चालत जायच्या अंतरावर, म्हणून हे जमतं. शाळेविषयीची गोष्ट शाळेतच बोलावी, असं मी आयुष्यभर मानलं. सातवीच्या मुलांनी लिहिलेला वर्गसंविधानाचा मसुदा भिंतीवरून काढला, याविषयी मी आपल्याला दोन पत्रं दिली. लेखी उत्तर आलं नाही. तोंडी एवढंच कळलं, की "नियम बदलायचं मुलांच्या हातात दिलं तर शिस्त राहणार नाही." हे वाक्य मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे पालकांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

घडलं ते थोडक्यात असं. दिवाळीच्या सुटीआधी सातवीच्या मुलांनी आपल्या वर्गाच्या संविधानाचा मसुदा मोठ्या कागदावर लिहून मागच्या भिंतीवर लावला होता. सुटी संपवून मुलं परत आली तेव्हा भिंतीवर तो कागद नव्हता. त्या जागी छापील फ्लेक्स होता. 'आमचे वर्गसंविधान' असं शीर्षक, खाली आठ नियम, आणि तळाशी 'अंतिम निर्णय शाळेचा राहील.' सोबत सगळ्या वर्गशिक्षकांना एक पानाचा पाठ-आराखडा मिळाला. त्यात संविधान दिनाला, म्हणजे २६ नोव्हेंबरला, एका तासात मुलांनी नियम मोठ्याने वाचायचे, सह्या करायच्या आणि फोटो काढायचा, असं आहे.

माझी पहिली तक्रार फ्लेक्सवरच्या आठ वाक्यांविषयी आहे. ती पुन्हा एकदा वाचा. 'विद्यार्थी वेळेवर येतील.' 'विद्यार्थी शांतता राखतील.' 'विद्यार्थी सभ्य वर्तन करतील.' आठही वाक्यांचा कर्ता विद्यार्थीच आहे. वर्गशिक्षक, मॉनिटर किंवा शाळा काय करेल, याचं एकही वाक्य नाही. वर्गसंविधान खरं आहे की सूचनाफलक आहे हे ओळखायची माझी जुनी खूण हीच : ज्याच्या हातात अधिकार आहे त्यालाही ते बांधतं का, हे बघायचं. पूर्वीच्या एका तुकडीच्या संविधानात 'गृहपाठ कधी द्यायचा ते वर्गशिक्षक किमान दोन दिवस आधी सांगतील' असं कलम होतं. ते मलाच लागू होतं. एकदा मी विसरले, तर एका मुलाने उभं राहून कलमाचा क्रमांक सांगितला, आणि तो गृहपाठ मी पुढे ढकलला. त्याने वर्गाची शिस्त बिघडली नाही. मॉनिटरने फळ्यावर नावं लिहायच्या आधी एकदा तोंडी सांगायचं, हे कलम त्यानंतर मॉनिटर आपणहून पाळू लागला.

आणि 'सभ्य वर्तन' म्हणजे नेमकं काय? मसुदा तपासताना मुलांना मी एक युक्ती शिकवते. एक प्रसंग सांगायचा आणि दोघा मुलांना वेगवेगळं विचारायचं, इथे नियम मोडला का? दोघांची उत्तरं वेगळी आली, तर वाक्य पुन्हा लिहायचं. 'सभ्य वर्तन' या कसोटीला लगेच पडतं. 'दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हात वर करायचा' हे वाक्य टिकतं.

दुसरी तक्रार वेळेची. आम्ही या उपक्रमाला ४० मिनिटांचे आठ तास देत होतो. एकाच आठवड्यात नाही, महिना-सव्वा महिन्यात पसरून. पहिल्या तासाला 'कोणते नियम हवेत' असं विचारायचंच नाही. तसं विचारलं की मुलं फक्त शिक्षा सुचवतात : उठाबशा, अंगठे धरणं, दंडाचे दहा रुपये. त्याऐवजी प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहायच्या : वर्गात मला कशाचा त्रास होतो, आणि काय झालं तर मला बरं वाटेल. दुसऱ्या तासाला चिठ्ठ्यांचे तीन ढीग करायचे : हक्क, नियम आणि कारभार. तिसऱ्या-चौथ्या तासात सात जणांची मसुदा समिती लिहायला बसते. तिच्यातल्या निम्म्याहून जास्त जागा सोडतीने भरायच्या, नाहीतर पहिल्या बाकावरचीच मुलं निवडून येतात. मग मसुदा निदान आठवडाभर भिंतीवर राहतो आणि ज्याला जी दुरुस्ती सुचेल ती तो चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवतो. पाचव्या तासाला कलमवार मतदान. सहावा आणि सातवा तास फक्त एका प्रश्नासाठी : हे संविधान बदलायचं कसं? आठव्या तासाला स्वीकार आणि सह्या, आणि अंमल त्यानंतर काही दिवसांनी, म्हणजे सगळ्यांना ते वाचायला वेळ मिळतो. देशाचं संविधानही २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारलं गेलं आणि पूर्णपणे लागू झालं २६ जानेवारी १९५०ला, हे मुलांना या टप्प्यावर न सांगता समजतं.

आपल्या आराखड्यात या आठ तासांचा एक तास झाला, आणि सहावा-सातवा तास तर नावालाही उरला नाही. माझी तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. दुरुस्तीचे नियम म्हणजे संविधानाच्या शेवटी जोडायचा तपशील, असं आपल्याला वाटत असावं. माझा अनुभव असा, की मुलं खरं जे शिकतात ते त्या दोन तासांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत. एका तुकडीची हकिकत सविस्तर सांगते.

वर्गात ४२ मुलं होती. त्यांनी सहाव्या तासाला सगळ्यात सोपा नियम केला : हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त हात वर आले की कलम बदललं. मी धोका दाखवला नाही, कारण तो त्यांना दिसणारच होता. जानेवारीत पतंगांचं उत्तरायण आलं. वासी उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात २४ मुलं होती, बाकीची अजून गच्चीवर. दर सोमवारी बाकांची एक ओळ पुढे सरकेल, असं त्यांच्यात एक कलम होतं. त्या दिवशी खिडकीजवळच्या मुलांनी ठराव मांडला, की वर्षअखेरपर्यंत जो जिथे आहे तिथेच बसेल. बाजूने १३, विरुद्ध ११. ठराव पास झाला. ४२ जणांच्या वर्गाचं कलम १३ जणांनी बदललं. सोमवारी ४० मुलं आली, भांडण झालं, ३१ विरुद्ध ९ मतांनी जुनं कलम परत आलं. पुढच्या शनिवारी उपस्थिती पुन्हा कमी होती आणि खिडकीवाले पुन्हा तयारीत होते.

आपल्याला भीती वाटते ती हीच असणार, की मुलं रोज नियम बदलतील. हो, बदलतात. पण पुढचं ऐका. वैतागून मुलांनीच दुरुस्तीचा नियम उलट्या टोकाला नेला : वर्गाच्या एकूण संख्येच्या तीन चतुर्थांश मतं हवीत. ४२चे तीन चतुर्थांश साडेएकतीस, अर्धं मूल असत नाही, म्हणून ३२. दीड महिना सगळं शांत होतं. मग मार्च आला. तास चालू असताना पाणी प्यायचं नाही, असं एक कलम होतं. पावसाळ्यात केलेलं. वडोदऱ्याच्या मार्चमध्ये दुपारच्या तासाला ते जाचक झालं. मतदानाला ३४ मुलं हजर होती. ३० बदलाच्या बाजूने, ४ विरुद्ध. आणि कलम तसंच राहिलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, जी आठ मुलं आलीच नाहीत, ती 'नाही' म्हणाली असं आपण धरलं." एकूण संख्येवर मोजलं की गैरहजर माणूस विरोधात मोजला जातो, ही गोष्ट मी त्यांना सांगितली असती तर ती एका वहीत राहिली असती.

मग त्यांना वाटलं, तीन चतुर्थांशचा नियमच बदलू. इथे नवा पेच. तो नियम बदलायलाही ३२ मतंच लागणार होती! पहिल्यांदा २९ मिळाली, दुसऱ्यांदा ३१. तिसऱ्या वेळी ३९ मुलं आली होती तेव्हा ३४ मिळाली. हे तीन आठवडे चाललं. मुलं घरोघरी जाऊन सांगत होती, गुरुवारी शाळेत ये.

त्यानंतर मी पहिल्यांदा फळ्यावर संविधानाचं ३६८वं कलम मांडलं. संसदेच्या प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. काही विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते, आणि खुद्द ३६८वं कलम त्याच विषयांत येतं. "म्हणजे आपल्यासारखंच," एक मुलगा म्हणाला, "बदलायचा नियम बदलणं अवघड ठेवलंय." मुलांनी दोन अटींचा तो नियम उचलला आणि सात दिवसांच्या नोटिशीची भर घातली, म्हणजे उत्तरायणाचा प्रकार पुन्हा होणार नाही.

दोन अटी कशाला, एक पुरेशी नाही का, हे त्यांना एप्रिलच्या सुरुवातीला कळलं. ग्रंथालयाच्या तासाविषयी ठराव होता. ३६ हजर, ६ जणांनी मत दिलं नाही, ३० जणांनी दिलं. बाजूने २१. तीसच्या दोन तृतीयांश २०, म्हणून दुसरी अट पुरी झाली. पण ४२च्या निम्म्याहून अधिक म्हणजे २२, आणि तिथे एक मत कमी पडलं. ठराव मांडणारी मुलगी रडली नाही की चिडली नाही. ती मधल्या सुटीत मत न देणाऱ्या सहा जणांकडे वही घेऊन गेली आणि प्रत्येकाला विचारलं, तुला काय अडलं? दोघांना 'ग्रंथालयात गटाने बसता येईल' या शब्दांचा अर्थ नीट कळला नव्हता. तिने वाक्य बदललं, पुन्हा सात दिवस थांबली, आणि २५ मतांनी ठराव पास झाला. संचालक मंडळातल्या सभासदांनी मला सांगावं, यापेक्षा चांगली शिस्त आपण कोणत्या फ्लेक्सवर छापणार आहात?

आता एक अवघड प्रसंग. तो लपवला तर हे पत्र खोटं ठरेल. नंतरच्या एका तुकडीत ४० मुलं होती. दोन अटींचा नियम पहिल्यापासून होता. कुणीतरी ठराव आणला, की ज्याची गृहपाठाची वही सलग दोनदा अपुरी राहील त्याचं मत महिनाभर बंद. सात दिवसांची नोटीस झाली, ३८ हजर, २९ बाजूने, ९ विरुद्ध. निम्म्याहून अधिक म्हणजे २१, दोन तृतीयांश म्हणजे २६. दोन्ही अटी पुऱ्या. सहा मुलांचं मत गेलं. त्यातली एक मुलगी संध्याकाळी आईबरोबर पापड लाटायला बसायची, वही अपुरी राहायची ती म्हणून. हे मला माहीत होतं, वर्गाला नव्हतं.

मी त्याच दिवशी ठराव रद्द करू शकले असते. केला नाही, आणि ते दिवस मला जड गेले. पण त्या आठवड्यात एका मुलाने फळ्यावर आकडे मांडले. मत देणारे आता ३४. एकूण संख्या ३४ धरली तर निम्म्याहून अधिक होतात १८, आधी २१ लागत होती. "आज सहा जणांना काढलं," तो म्हणाला, "म्हणून उद्या आणखी कुणाला काढणं सोपं झालं." वर्गात एकदम शांतता झाली. पुढच्या सोमवारी ठराव मांडणाऱ्यांपैकीच एकाची वही अपुरी निघाली. नोटीस लागली आणि ते कलम मोठ्या बहुमताने गेलं. ज्यांचं मत गेलं होतं त्या सहा जणांना मात्र आपलं मत परत मिळवण्यासाठी मत देता आलं नाही, हेही मुलांनीच बोलून दाखवलं.

त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी कोणत्याही बहुमताच्या बाहेर ठेवल्या : प्रत्येक मुलाचं एक मत, प्रत्येकाची बोलायची पाळी, आणि अंगाला, डब्याला, पाण्याला किंवा बाथरूमला जाण्याला हात लावणारी शिक्षा नाही. मग मी त्यांना २४ एप्रिल १९७३चा केशवानंद भारती निकाल सांगितला. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, आणि निर्णय असा की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूळ चौकट मोडू शकत नाही. सातवीच्या मुलांना हे जड जाईल असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी वर्गात यायला हवं होतं. त्याच महिन्यात आम्ही सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर गेलो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७मध्ये नोकरीसाठी या शहरात आले, आणि जात कळल्यावर त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं गेलं. ते येऊन बसले ते याच बागेत. परत येताना मुलं आपल्या त्या तीन कलमांपैकी तिसऱ्याविषयी बोलत होती.

तिसऱ्या कलमाला कायद्याचाही आधार आहे, हे मी मुख्याध्यापिकाबाईंना नम्रपणे आठवण करून देते. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. म्हणून वर्गाला सगळं ठरवू द्यावं, असं मी कधीच म्हटलं नाही. उठाबशा, पैशांचा दंड, कुणाला वर्गाबाहेर ठेवणं, वेळापत्रक, परीक्षा, सुरक्षितता या गोष्टी वर्गसंविधानाच्या हद्दीबाहेरच्या. ही हद्द पहिल्याच तासाला फळ्याच्या कडेला लिहून ठेवायची असते. 'अंतिम निर्णय शाळेचा राहील' हे वाक्य मात्र हद्द आखत नाही. ते सगळंच परत घेतं, कारण न देता घेतं. चौथी तक्रार ही.

आपण म्हणाल, संविधान म्हणजे पवित्र गोष्ट, तिच्यात मुलांना हात घालायला कशाला शिकवायचं? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात नेमकं उलट सांगितलं आहे. या संविधानावर अंतिमपणाचा शिक्का मारलेला नाही आणि दुरुस्तीची पद्धत सोपी ठेवली आहे, हे त्यांनी संविधानाच्या बाजूने मांडलेला मुद्दा होता. पहिली दुरुस्ती जून १९५१मध्येच झाली, अंमल सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. आणि मतदानाचं वय २१वरून १८वर आलं ते ६१व्या दुरुस्तीने. आपल्या सातवीची मुलं अठराव्या वर्षी मत देतील ती त्या दुरुस्तीमुळे. संविधान दिन साजरा करताना दुरुस्ती वगळली, तर मुलांना आपण अर्धंच संविधान दाखवतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सातवीचा मसुदा भिंतीवर परत लावावा आणि फ्लेक्स काढावा. फ्लेक्स ठेवायचाच असेल, तर त्याला 'शाळेचे नियम' म्हणावं, 'आमचे वर्गसंविधान' नाही.

आठ तास परत द्यावेत, त्यातले दोन फक्त दुरुस्तीच्या नियमांसाठी. आठ जमत नसतील तर सहा द्या, पण ते दोन कापू नका. शिवाय प्रत्येक सत्रात एक तास दुरुस्तीच्या सभेसाठी राखून ठेवावा. सभा नसेल तर दुरुस्तीचा नियम कागदावरच राहतो.

'अंतिम निर्णय' या ओळीऐवजी असं लिहावं : मुलांची सुरक्षितता किंवा कायदा यांच्या विरुद्ध जाणारं कलम मुख्याध्यापिका थांबवू शकतील, पण तीन शालेय दिवसांत लेखी कारण देऊन, आणि वर्गाला ते पुन्हा मांडायची संधी ठेवून.

आणि वर्गशिक्षकांना एक बैठक द्यावी. मी येईन. त्या ४२ मुलांच्या वर्गाचे आकडे घेऊनच बसू. शिक्षकांनी स्वतः १३, ३२ आणि २२ हे तिन्ही आकडे काढून पाहिले, की पुढचं त्यांना मी सांगायची गरज पडत नाही.

एक शेवटची विनंती लगेच करायची आहे. भिंतीवरून काढलेला तो मोठा कागद शिक्षकखोलीतल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला मी पाहिला. त्याच्या खालच्या बाजूला मुलांनी चिकटवलेल्या २३ दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या आहेत. संविधान सभेपुढच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे मी मुलांना दिवाळीआधी सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज आपल्या चिठ्ठ्या मोजत होती. कागद उलगडताना सावकाश उलगडा. डिंक वाळला असेल, आणि कोणती चिठ्ठी कोणत्या कलमाखाली होती हे मुलांना अजून आठवतं, पण फार दिवस आठवणार नाही.

आपली,
सामाजिक विज्ञानाची एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा